९९ रुपयांचं होस्टिंग खरं कितीला पडतं?

*नमस्कार. वडगावला आमचं साड्यांचं घरगुती दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून माल कोल्हापूर-गोव्याला जातो. आता वेबसाईट करायची म्हणून होस्टिंग बघतोय. एका कंपनीचं ९९ रुपये महिना दाखवतंय, ७८ टक्के सूट, डोमेन फुकट आणि ३० दिवसांत पैसे परत. वर घड्याळ उलटं पळतंय, आज रात्रीपर्यंतच म्हणे. आमचे हे म्हणतात, चार वर्षांचं एकदम भरून टाकू. खाली बारीक अक्षरात बरंच काय काय लिहिलंय, ते मला धड कळत नाही. पानाचा फोटो सोबत पाठवलाय. साधारण दीडशे साड्यांचे फोटो घालायचेत, मजकूर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत हवा. २० जीबी पुरेल का? आणि आज भरू का?*

*— एक वाचक, वडगाव, बेळगाव*

ताई, आज भरू नका. मात्र तुमचे मालक चार वर्षांचं म्हणतात ते अगदीच चुकीचं नाही, आणि ते का हे पुढे आकड्यांतच दिसेल. घाई नको म्हणतोय त्याचं कारण वेगळं आहे.

आधी त्या घड्याळाचा निकाल लावू. उद्या सकाळी तेच पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. बहुतेक वेळा घड्याळ पुन्हा पहिल्यापासून पळताना दिसतं आणि सूटही तीच असते. अशी खोटी घाई लावण्याला आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित प्रकार ठरवलं आहे. त्या यादीत असे एकूण १३ प्रकार आहेत. तेव्हा घड्याळाकडे बघून कार्ड काढायचं नाही.

आता तुम्ही पाठवलेला फोटो. मोठ्या अक्षरात ₹99/mo आहे, त्याच्याशेजारी काट मारलेले ४४९. बटणाच्या खाली करड्या, जेमतेम दिसेल अशा अक्षरात एक ओळ आहे: Renews at ₹449/mo. Cancel anytime. सगळा व्यवहार त्या ओळीत आहे. काट मारलेला ४४९ हाच प्लॅनचा खरा भाव. ९९ हा नव्या गिऱ्हाईकाला पहिल्या बिलापुरता दिलेला भाव. आणि तो महिन्याला ९९ असा लिहिला असला तरी महिन्याला भरता येत नाही. मुदतीच्या चौकटीवर बोट ठेवून बघा, तिथे ४८ महिने आधीच निवडलेले असतील. ते बदलून १२ केले की ९९ चे १९९ होतात. तुमच्या फोटोत ती यादी उघडी आहे आणि त्यात हाच आकडा दिसतोय.

म्हणजे आज कार्डावरून जाणार ९९ गुणिले ४८, चार हजार सातशे बावन्न. त्यावर १८ टक्के जीएसटी, जो पानावर कुठेच नाही आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर उगवतो. एकूण ५,६०७ रुपये. दुकानाचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलाच्या पानावर घाला, म्हणजे वजावट मिळू शकेल. आपला कर्नाटकातला नंबर २९ ने सुरू होतो. कोल्हापुरात भावकीतल्या कुणाची नोंदणी असली तर तिचा महाराष्ट्राचा २७ चा नंबर इथे चालवायचा नाही, बिल ज्याचं त्याच्याच नावावर हवं.

होस्टिंग चार वर्षांचं झालं, पण डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नाव, फुकट फक्त पहिलं वर्ष. कंपनीच्या डोमेनच्या दरपत्रकात .com च्या नूतनीकरणाचा भाव वर्षाला १,०९९ दाखवलाय. हे दरपत्रक प्लॅनच्या पानावर नसतं, वेगळं शोधावं लागतं, म्हणून बहुतेकांच्या हिशेबातून ते सुटतं.

आता तुम्ही दुकान पाच वर्षं चालवणार असं धरू. चार वर्षं हे झालं की मग सूट संपते, हे दिसावं म्हणून पाच. होस्टिंगचे पहिले ४८ महिने ४,७५२. पाचवं वर्ष ४४९ ने बारा महिने, ५,३८८. डोमेन दुसऱ्या वर्षापासून पाचव्यापर्यंत चार वेळा, ४,३९६. बेरीज १४,५३६, जीएसटी धरून १७,१५२. साठ महिन्यांनी भागा. महिन्याला २८६ रुपये पडतात. पाचव्या वर्षासाठी मी ४४९ च धरलेत. चार वर्षांऐवजी एकेक वर्षाने नूतनीकरण केलं तर काही कंपन्या त्याहून जास्त लावतात, ते विचारून घ्या.

हाच प्लॅन एका वर्षाने घेतला तर? आज २,८१८ रुपये जातील. म्हणजे चार वर्षांच्या बिलापेक्षा २,७९० कमी. पण पुढच्या वर्षी याच तारखेला ४४९ चा भाव लागू होईल, वर डोमेन, वर जीएसटी, आणि ७,६५५ चं बिल समोर येईल. तेव्हा सूट मागितली तर उत्तर ठरलेलं: ती नव्या गिऱ्हाईकासाठी असते. म्हणून तुमचे मालक म्हणतात त्यात तथ्य आहे. दुकान खरंच चालणार असेल आणि कंपनी बरी निघाली, तर २,७९० जादा भरून तीन वर्षांची डोकेदुखी टळते. प्रश्न इतकाच, की कंपनी बरी आहे हे पैसे भरल्यावर कळायला तुम्हाला किती दिवस मिळतात. ते ३० दिवस.

आणि माझ्या मते या सगळ्या बारीक अक्षरांतली सगळ्यात महागाची गोष्ट हीच. ३० दिवस पैसे भरल्याच्या तारखेपासून मोजतात, वेबसाईट सुरू झाल्यापासून नाही. खानापूरकडे होमस्टे चालवणारं एक ओळखीचं कुटुंब आहे. त्यांनी ऐन पावसाळ्यात, सवड आहे म्हणून, तीन वर्षांचं होस्टिंग घेऊन ठेवलं. फोटो काढायचे तर ऊन पाहिजे, मजकूर लिहायचा तर पोरगा पुण्याहून यायला पाहिजे. दसऱ्याच्या सुमाराला साईट उभी राहिली आणि तेव्हा कळलं की एकावेळी दहा-पंधरा माणसं आली तरी पान उघडायला ताटकळत बसावं इतका वेळ लागतो. परताव्याची मुदत कधीच उलटून गेली होती. कंपनीने नियमावर बोट ठेवलं आणि नियमात तसंच लिहिलेलं होतं.

म्हणून क्रम उलटा करा. दीडशे साड्यांचे फोटो, किमती, लांबी, पोत, पदराचं वर्णन, तिन्ही भाषांतला मजकूर, हे सगळं आधी घरच्या संगणकावर तयार ठेवा. यात महिना जाऊ दे, दोन जाऊ देत. सगळं हातात आलं की मग पैसे भरा आणि त्याच आठवड्यात साईट चढवा. मग उरलेले तीन आठवडे खरी परीक्षा घ्या. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, मोबाईलच्या डेटावर, गोव्यातल्या नाहीतर कोल्हापुरातल्या पाहुण्यांना पान उघडायला सांगा. एखादी लुटुपुटूची ऑर्डर टाका आणि तिचं ईमेल तुम्हाला किती वेळात येतं ते बघा. मदत केंद्राला एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर कधी येतं, माणसाचं येतं की ठोकळेबाज, ते पाहा. पंचविसाव्या दिवशी निर्णय घ्या. तिसाव्या दिवसाची वाट बघू नका, कारण काही कंपन्या आपल्या देशातल्या नव्हे तर त्यांच्या मुख्यालयाच्या वेळेने दिवस मोजतात.

पैसे परत म्हणजे सगळे परत, असंही नाही. फुकट डोमेन घेतलं असेल तर परतावा देताना त्याची किंमत कापून घेतात, कारण डोमेन एकदा नोंदलं की ते वर्षभरासाठी विकलेलं असतं. तुमच्या हिशेबात १,०९९ आणि त्यावरचा कर, म्हणजे १,२९७ वजा होऊन ४,३१० च्या आसपास हाती येतील. डोमेन मात्र तुमचंच राहतं. बॅकअप, जादा सुरक्षा असल्या वरच्या सेवांचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, आणि चार वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला ही ३० दिवसांची हमी बऱ्याच ठिकाणी लागूच नसते.

त्यातही एक फसवी जागा आहे ती Cancel anytime या दोन शब्दांची. होस्टिंगच्या खात्याच्या पॅनेलमध्ये जाऊन स्वयंचलित नूतनीकरण बंद केलं, की पुढचं बिल येणार नाही एवढंच. त्याने परतावा सुरू होत नाही. परतावा हवा तर तशी वेगळी मागणी लेखी करावी लागते, तिचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवायचा. बंद केलंय की, मग पैसे का येत नाहीत, असं म्हणत लोक मुदत घालवतात.

स्वयंचलित नूतनीकरणाचा विषय निघालाच आहे तर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरची अशी आपोआप वसुली होण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, आणि रक्कम १५,००० च्या वर असेल तर ओटीपी दिल्याशिवाय ती जात नाही. पण त्याखालची रक्कम, एकदा परवानगी दिलेली असली की, ओटीपीशिवाय जाते. नुसत्या होस्टिंगचं वर्षाचं सहा-साडेसहा हजारांचं बिल त्यातच येतं. ती सूचना ज्या मोबाईलवर येणार तो नंबर चालू आहे का, नाहीतर जुन्या सिमकार्डाबरोबर कपाटात पडलाय, ते बघा. काही कंपन्या मुदत संपण्याच्या पंधरा दिवस किंवा महिनाभर आधीच वसुली लावतात. म्हणून कॅलेंडरमध्ये संपण्याची तारीख नको, त्याच्या दीड महिना आधीची तारीख घाला.

आता २० जीबी. तुम्ही फोटोंचा विचार केलात ते बरं केलंत, पण घोळ फोटोंच्या संख्येत नाही. तुम्ही वर्डप्रेसवर दुकान उभं करणार असं धरतो, आपल्याकडे वेबसाईट करून देणारी पोरं बहुतेक तेच वापरतात. मोबाईलवर काढलेला एक फोटो साधारण ४ एमबीचा असतो. तो वर चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहानमोठ्या आकाराच्या प्रती आपणहून करून ठेवतं. सगळ्यात लहान १५० पिक्सेलची चौकोनी, मग ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८, आणि २०१९ पासून फोटो फार मोठा असला तर २५६० ची आणखी एक. मूळ फोटो धरून आठ फायली. दुकानासाठी वूकॉमर्स घातलं की तेही स्वतःच्या तीन आकारांत प्रती काढतं. एका फोटोच्या दहा-अकरा फायली, मिळून सहाएक एमबी.

साडीला सहा फोटो लागतातच. पूर्ण साडी, पदर, काठ, बुट्टी जवळून, मागची बाजू, नेसलेली. दीडशे साड्यांचे नऊशे फोटो, म्हणजे साडेपाच जीबीच्या घरात आणि दहा हजारांच्या आसपास फायली. २० जीबीत हे आरामात बसतं असं वाटेल. मग बॅकअप येतो. साईट बनवणारा पोरगा एखादं बॅकअपचं प्लगइन बसवून देतो, आठवड्याला एक प्रत, मागच्या तीन ठेवायच्या. त्या प्रती दुसरीकडे पाठवायची सोय लावली नाही तर त्या त्याच २० जीबीत साठतात. साडेपाचच्या तीन, साडेसोळा. मूळ साईट धरून बावीस. भरली जागा. वर दुकानाचे ईमेल त्याच जागेत असतील तर गिऱ्हाईकाने पाठवलेल्या डिझाईनच्या फोटोंनी पेटी फुगते ती वेगळीच.

जागा भरल्याचं कुणी ओरडून सांगत नाही. आधी नवा फोटो चढत नाही, का ते न सांगता नुसती चूक दाखवली जाते. मग ईमेल यायची थांबतात आणि पाठवणाऱ्याकडे परत जातात. मग ऑर्डर नोंदली जात नाही. साईट दिसायला छान दिसत असते, म्हणून शंका येत नाही. महिन्यातून एकदा होस्टिंगच्या पॅनेलमध्ये Disk Usage चा आकडा बघायची सवय ठेवा.

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. फोटो चढवायच्या आधीच लांब बाजू १,६०० पिक्सेलवर आणा, म्हणजे फाईल ३०० केबीच्या आसपास होते. मोबाईलच्या पडद्यावर काठाची वीण त्यात नीट दिसते. मोठ्या प्रती मग तयारच होत नाहीत आणि नऊशे फोटो एक जीबीच्या आतबाहेर बसतात. बॅकअप गुगल ड्राईव्हला पाठवा, सर्व्हरवर ठेवू नका. आणि तीन भाषांची काळजी सोडा. मजकूर डेटाबेसमध्ये जातो आणि फारच थोडी जागा घेतो. तोच फोटो तिन्ही भाषांच्या पानांवर एकदाच चढवून वापरता येतो, फक्त साईट करणाऱ्याला तसं बजावून सांगा, नाहीतर तो प्रत्येक भाषेसाठी वेगळा चढवेल.

जीबीच्या आकड्याखाली आणखी एक मर्यादा असते, ती प्लॅनच्या पानावर सहसा नसते आणि शर्तींत inode या नावाने सापडते. ती फायलींच्या संख्येची मर्यादा. प्रत्येक फाईल, प्रत्येक फोल्डर, पेटीतलं प्रत्येक ईमेल एकेक मोजतात. जिथे Unlimited असं लिहिलेलं असतं तिथेही ही मर्यादा असतेच, किंबहुना तिथे खरी मर्यादा हीच. तुमच्या प्लॅनला दोन लाख आहे असं फोटोच्या तळाशी दिसतंय. वर्डप्रेस, थीम आणि प्लगइनं मिळून वीस-पंचवीस हजार धरा, फोटोंचे दहा हजार. तुम्हाला पुष्कळ आहे. ईमेल वर्षानुवर्षं साठवत बसलात तरच त्रास होईल.

पैसे भरायच्या पानावर शेवटी टोपलीत काय काय आहे ते वाचा. रोजचा बॅकअप, सुरक्षा, शोधात वर येण्याचं साधन, अशा गोष्टींवर आधीच खूण केलेली असते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे तुमची संमती नव्हे. खूण काढा. काढूनही लावले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार करता येते, तिथे कन्नड-मराठी दोन्हींत बोलता येतं.

डोमेनबद्दल एकच सांगतो, ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर नोंदवा. साईट करणाऱ्या पोराच्या नाही. तो चांगला असेल, पण उद्या नोकरीला बेंगळूरला गेला की तुमच्या दुकानाचं नाव त्याच्या खात्यात अडकतं. माझं मत विचाराल तर फुकटच्या डोमेनच्या नादी न लागता ते दुसऱ्या कंपनीकडून विकत घ्या. परताव्यातली कपात टळते, आणि होस्टिंग आवडलं नाही तर नाव हलवायचं उरत नाही. होस्टिंगवाल्याकडूनच घेतलंत तर .com नोंदल्यावर पहिले ६० दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही हे लक्षात असू द्या.

सगळ्या शर्ती वाचायची गरज नाही. Terms of Service आणि Refund Policy ही दोन पानं उघडा, संगणकावर कंट्रोल आणि एफ दाबा, मोबाईलवर ब्राउझरच्या मेनूत पानावर शोधण्याची सोय असते, आणि renew, refundable, inode हे तीन शब्द एकेक करून शोधा. जिथे पिवळं होईल त्याच्या वरची-खालची चार वाक्यं वाचा. इंग्रजी अडलं तर तेवढाच भाग मला पाठवा.

आणि भरायच्या आधी मदत केंद्राच्या चॅटवर विचारा: ४८ महिन्यांनंतर एकाच वर्षाचं नूतनीकरण केलं तर करासकट किती, फुकट डोमेन न घेता प्लॅन घेतला तर परतावा पूर्ण मिळेल का, आणि वसुली मुदतीच्या किती दिवस आधी होते. उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट काढून बिलाशेजारी ठेवा. तिन्ही उत्तरं सरळ आली, फोटो तयार झाले, की मग चार वर्षांचं भरा.